भिंतीतला एक मुलगा म्हणजे गोलचा एक मीटर

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. बी.एड.ला असताना खेळावर एक छोटा पेपर होता, तेवढंच माझं या विषयातलं औपचारिक शिक्षण. पण कोल्हापूरच्या बाजूला राहणाऱ्या माणसाला फुटबॉल टाळता येत नाही. शाळेच्या टीमबरोबर कुणीतरी मास्तर जायला हवा, म्हणून मी जाऊ लागलो, आणि गेली दहा-बारा वर्षं जातोच आहे. इतक्या वर्षांत एक गोष्ट सतत पाहिली. बॉक्सच्या बाहेर फ्री किक मिळाली, गोल झाला, की पहिला दोष गोलकीपरला. मुलं ओरडतात, पालक ओरडतात, मैदानाबाहेरचा चहावालासुद्धा सांगतो की "तुझा गोलकीपर झोपला होता."

मागच्या हंगामात आमच्या नववीतल्या गोलकीपरवर हीच वेळ आली. पोरगा दोन दिवस शाळेत आला नाही. एका पालकाने मोबाइलवर किक टिपली होती. ती मी पाच-सहा वेळा बघितली आणि मग सगळ्या टीमला वर्गात बसवून दाखवली. गोलकीपर जागेवर होता. चूक त्याच्या समोर, भिंतीत झाली होती. ती कशी, ते शेवटी सांगतो. आधी भिंत म्हणजे काय ते नीट समजून घेऊ.

समजा चेंडू गोलरेषेपासून 20 मीटरवर आहे आणि मैदानाच्या मधोमध नाही, गोलकीपरच्या उजव्या हाताला चारेक मीटर सरकलेला आहे. गोलची रुंदी 7.32 मीटर. बचाव करणाऱ्यांना चेंडूपासून 9.15 मीटर लांब उभं राहावं लागतं. आता चेंडूपासून गोलच्या दोन्ही खांबांना दोन दोऱ्या बांधल्या आहेत अशी कल्पना करा. भिंत जिथे उभी राहते तिथे या दोन दोऱ्यांमधलं अंतर साधारण 3.35 मीटर भरतं. एका मुलाचा खांद्यापासून खांद्यापर्यंतचा पैस 45 सेंटिमीटरच्या आसपास असतो. आमच्या गणिताच्या सरांनी फळ्यावर दोन त्रिकोण काढून दाखवलं की भिंतीतला एक मुलगा गोलरेषेवर जवळजवळ एक मीटर झाकतो. मुलांना हे फार आवडलं. त्या दिवसापासून आमच्याकडे "अजून एक मीटर दे" म्हणजे "भिंतीत अजून एक जण ये."

मग आठजणांची भिंत का नको? कारण भिंतीत गेलेला प्रत्येक मुलगा कुणाला तरी मोकळं सोडून आलेला असतो, आणि भिंत जितकी रुंद तितका गोलकीपर आंधळा. म्हणून 20 मीटरवर, थोडं बाजूला, चार किंवा पाच पुरतात. चेंडू पार कोपऱ्याकडे असेल तर दोन-तीन. तिथून थेट गोल कमी होतात, लोंबता चेंडू आत येण्याची भीती जास्त, आणि माणसं बॉक्समध्ये हवी असतात.

आता भिंत लावायची कशी. ती जवळच्या खांबाकडची बाजू झाकते, दूरची बाजू गोलकीपरची. आपल्या उदाहरणात जवळचा खांब गोलकीपरच्या उजवीकडचा. पहिला मुलगा त्या खांबाच्या दोरीच्या बाहेर उभा करायचा, अगदी बाहेर, म्हणजे त्याच्यामागे गोल नसतोच. मुलं विचारतात, "सर, मग त्याला कशाला उभं करायचं?" डाव्या पायाच्या खेळाडूसाठी. त्याने पायाच्या आतल्या बाजूने मारलेला चेंडू भिंतीच्या बाहेरून निघतो आणि वळून जवळच्या खांबाच्या आत शिरतो. बाहेरचा मुलगा नसेल तर भिंत सरळ रेषेपुरती बरोबर आणि वळणासाठी चूक. 8 एप्रिल 2025 ला आर्सेनलच्या डेक्लन राइसने रिअल माद्रिदच्या कुर्त्वाला दोन फ्री किक मारल्या. तो उजव्या पायाचा, पण पहिली किक भिंतीच्या बाजूनेच वळून आत गेली. कुर्त्वासारखा उंच गोलकीपरही त्या चेंडूपर्यंत पोचला नाही.

दुसऱ्या जागी, म्हणजे दोरीच्या लगेच आत, सर्वात उंच मुलगा. उजव्या पायाचा खेळाडू या जागेवरून बहुतेक वेळा भिंतीच्या वरून जवळच्या वरच्या कोपऱ्यात मारतो, तो रस्ता याच्या डोक्यावरून जातो. बाकीचे आत आत, उंचीप्रमाणे उतरते.

भिंत सरळ लावायचं काम बहुतेक टीममध्ये गोलकीपर करतो. जवळच्या खांबाला चिकटून उभा राहतो, एक डोळा मिटतो आणि "डावीकडे, डावीकडे, बस" असं ओरडतो. मला ही पद्धत आवडत नाही. 12 डिसेंबर 2004 ला आर्सेनल-चेल्सी सामन्यात पीटर चेक असाच खांबापाशी भिंत लावत होता, थिएरी ऑन्रीने रेफरीला विचारून लगेच किक मारली आणि चेंडू जाळ्यात. ते नियमात बसतं. फ्री किक लागल्यावर दुसऱ्या बाजूने शिट्टीची वाट बघायचं ठरवलेलं नसेल, तर ती ताबडतोब मारता येते. म्हणून आमचा नियम असा: चेंडू ठेवला की एक जण चेंडूसमोर पहिल्यांदा उभा राहतो, आणि गोलकीपर खांबाकडे तेव्हाच जातो जेव्हा रेफरी शिट्टी दाखवून "मी वाजवल्यावर" असं सांगतो. शक्य असेल तर आपला स्ट्रायकर चेंडूच्या मागे नियमाच्या अंतरावर जाऊन उभा राहतो. तिथून चेंडू आणि खांब एका रेषेत दिसतात. तो हात हलवतो, भिंत सरकते, गोलकीपर आपल्या जागी मोकळा राहतो.

ती जागा कुठली? हा या लेखातला सर्वात अवघड प्रश्न, आणि इथेच मुलं चुकतात. पाचजणांच्या भिंतीत एक बाहेर, चार आत. म्हणजे उजव्या खांबापासून जवळजवळ चार मीटर गोल झाकला, डावीकडे साडेतीन मीटरच्या आत मोकळा. बऱ्याच जणांना वाटतं की गोलकीपरने या मोकळ्या भागाच्या मधोमध उभं राहावं. तसं केलं तर भिंतीवरून उजव्या कोपऱ्यात गेलेल्या चेंडूला तो कधीच गाठणार नाही. उलट गोलच्या मधोमध उभा राहिला तर भिंतीमागे लपतो आणि चेंडू सुटल्याचं त्याला उशिरा दिसतं. खरी जागा भिंतीची सावली संपते तिथून अर्ध्या पावलाने मोकळ्या बाजूला. आपल्या उदाहरणात गोलच्या मध्यापासून डावीकडे साधारण पाऊण मीटर. तिथून डावा खांब तीन मीटरच्या आत येतो, उजवा साडेचारच्या आसपास. उजवा लांब वाटतो, पण तिकडे जाणाऱ्या चेंडूला आधी भिंत ओलांडून वर जावं लागतं आणि मग खाली यावं लागतं. तो जोरात मारता येत नाही. तेवढा वेळ गोलकीपरचा.

ताशी 90 किलोमीटर वेगाचा चेंडू 20 मीटर साधारण पाऊण सेकंदात पार करतो. म्हणून उभं राहिल्यावर हलायचं नाही. खेळाडू धावत येताना गोलकीपर भिंतीच्या बाजूला एक पाऊल टाकतो, ही सवय मी सर्वात जास्त पाहिली आहे. चेंडू भिंतीवरूनच येणार असा त्याने अंदाज बांधलेला असतो. चांगला खेळाडू त्या पावलाचीच वाट बघतो आणि मोकळ्या बाजूला मारतो. वजन पुढच्या पंजांवर, टाचा हलक्या, हात कंबरेच्या उंचीला, आणि पाय जमिनीवर असतानाच चेंडू सुटलेला दिसला पाहिजे.

2019 पासून नियम आहे की तीन किंवा जास्त जणांची भिंत असेल तर हल्ला करणाऱ्यांनी तिच्यापासून किमान एक मीटर लांब राहायचं. त्याआधी ते भिंतीत घुसून ऐन वेळी बाजूला व्हायचे आणि भगदाड पाडायचे. आता गोलकीपरला थोडं बरं दिसतं.

भिंतीने उडी मारावी की नाही, यावर आमच्याकडे अजून भांडण आहे. उडी मारली नाही तर चेंडू डोक्यावरून सहज जातो. मारली तर खालून. डिसेंबर 2006 मध्ये रोनाल्डिन्होने वेर्डर ब्रेमेनला उडालेल्या भिंतीखालून गोल केला. ऑक्टोबर 2018 मध्ये कॅम्प नूवर इंटरच्या ब्रोझोविचने उत्तर दिलं: भिंत उडताच तो तिच्यामागे आडवा झाला आणि सुआरेझची खालून मारलेली किक त्याला लागून अडली. तेव्हा लोक हसले, आता मोठमोठ्या टीमचा एक माणूस भिंतीमागे आडवा दिसतो. शाळेत मी कुणाला आडवा करत नाही. बुटांचे स्टड कुठे पडतील याचा भरवसा नसतो. म्हणून मी सांगतो, उडी मारा पण पंजांवरची, छोटी, आणि खांदे सोडू नका. ते आडवं पडणं मोठ्यांना लखलाभ.

हात मात्र शरीराला चिकटलेले. 20 मीटरवरच्या किकची भिंत गोलरेषेपासून अकरा मीटरच्या आत येते, म्हणजे ती पेनल्टी बॉक्सच्या आत उभी असते. तोंड वाचवायला कोपर वर केलं आणि चेंडू लागला तर फ्री किकची पेनल्टी होते. छाती-पोटासमोर हात बांधून ठेवायचे, कुठे ते मुलांना सांगावं लागत नाही.

आता त्या मोबाइलवरच्या किककडे. चारजणांची भिंत होती, बाहेरचा मुलगा जागेवर होता, उंच मुलगा दुसरा. किक सुटली तेव्हा तिसऱ्या मुलाने मान फिरवली आणि खांदा मागे घेतला. त्याच्या आणि चौथ्याच्या मध्ये फूटभर फट पडली. चेंडू त्या फटीतून, गुडघ्याच्या उंचीने, थेट उजव्या खांबाच्या आत. गोलकीपरसाठी तो भाग झाकलेला होता, म्हणून तो त्याची बाजू सांभाळत होता. फटीतून येणारा चेंडू त्याला भिंत ओलांडल्यावरच दिसला, तिथून गोलरेषा अकरा मीटरवर. वेळ उरला जेमतेम अर्धा सेकंद.

वर्गात मी व्हिडिओ थांबवला तेव्हा कुणी काही बोललं नाही. तिसरा मुलगा मग म्हणाला, "सर, चेंडू तोंडावर येत होता." ते खरंच आहे. चेंडू तोंडावर येत असताना डोळे उघडे ठेवून उभं राहणं हे सांगून येत नाही. आता आम्ही दर गुरुवारी हलक्या, अर्ध्या हवेच्या चेंडूने भिंतीचा सराव करतो. मुलं एकमेकांचे शर्ट बाजूने मुठीत धरून उभी राहतात, म्हणजे एकाचा खांदा मागे गेला तर शेजाऱ्याला लगेच कळतं. सामन्यात शर्ट धरत नाहीत, पण तोवर शरीराला सवय लागलेली असते. गोलकीपर परत आलाय. भिंत लावताना आता तो नावं घेऊन ओरडतो, आणि सर्वात आधी तिसऱ्याचं.