रिकामी टाकी

आमच्या बीडमध्ये नळाला रोज पाणी येत नाही. म्हणून घर लहान असले तरी गच्चीवर टाकी हवीच. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या वर्षी ७ जूनला रमजान सुरू झाला, तेव्हा वजूलाही नळाची बारीक धार धरून बसावे लागत होते. त्या दिवसांत गल्लीतल्या बहुतेक टाक्या कोरड्या होत्या.

पुढे आम्ही वरच्या मजल्यावर न्हाणी काढली. टाकी गच्चीवरच ठेवली तर न्हाणीच्या नळाला पाणी जोराने येईना. टाकी पाच फूट उचलायची ठरली. हजार लिटरची टाकी, म्हणजे पाण्याचेच वजन हजार किलो. अब्बांना काळजी होती ती या वजनाची. वेल्डिंगवाले मामू मात्र म्हणाले, "मास्टरसाब, भरी टाकी को हवा नहीं हिलाती. खाली टाकी को देखो."

मी घरी येऊन कागदावर हिशेब मांडला. टाकी अंदाजे तीस किलो, स्टँड नव्वद किलो. चार पाय, चार-चार फुटांवर. मराठवाड्यातल्या जोरदार वादळात अशा गोल टाकीवर वारा साधारण ऐंशी किलोचा रेटा देतो, आणि तोही जमिनीवर नाही, गच्चीपासून सात फुटांवर. टाकी भरलेली असेल तर तिचे वजन स्टँडला सहज दाबून धरते. पण टाकी रिकामी असेल तर एकशेवीस किलोचा सांगाडा त्या रेट्यापुढे पुरत नाही. वाऱ्याकडचे दोन पाय वर उचलले जातात, प्रत्येकी सुमारे चाळीस किलोच्या जोराने. आकडा मोठा नाही, पण धरून ठेवणारे काहीच नसेल तर टाकी आणि स्टँड खालच्या गल्लीत. आणि आमच्याकडे वळवाचा वारा सुटतो तो मे-जूनमध्ये, नेमक्या टाक्या कोरड्या असतात तेव्हा. गल्लीत त्या वेळी पोरे खेळत असतात.

वजनाचा प्रश्न जागेने सुटला. भरल्यावर एका पायावर जवळपास तीनशे किलो येतात. म्हणून पाय खोलीच्या मधल्या स्लॅबवर न घेता खालच्या बीमच्या रेषेवर घेतले. प्रत्येक पायाखाली आठ इंच चौरस आणि दहा मिलिमीटर जाडीची प्लेट लावली. नुसता अँगल टेकवला तर त्याचे टोक काँक्रीटमध्ये रुतते. प्लेटमुळे तेच वजन सत्तर पट जागेवर पसरते.

धरून ठेवण्याचे काम बोल्टचे. आमच्या गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा कोबा आहे, आणि बहुतेक जुन्या घरांवर असतोच. मामूंनी ड्रिल मशीन लावले तर लाल भुकटी निघाली. ते म्हणाले, हा कोबा आहे, यात बोल्ट धरणार नाही. मग प्लेटपुरता कोबा फोडला, खालचे काँक्रीट उघडे केले. आता भुकटी राखाडी आली. बारा मिलिमीटरचे अँकर बोल्ट, भोक तीन इंच खोल. एका ठिकाणी ड्रिल अडले. खाली सळई होती. सळई कापायची नसते, भोक बाजूला सरकवायचे. भोकातली भुकटी फुंकून काढली, नाहीतर बोल्ट पकडत नाही. नट आवळताना बोल्टच फिरू लागला तर तो निकामी समजावा. प्लेटखाली सिमेंटचा माल भरला आणि वरून उतार देऊन काँक्रीट केले, म्हणजे फोडलेल्या कोब्यातून पाणी झिरपणार नाही.

शेवटची गोष्ट तिरप्या पट्ट्यांची. चार पाय आणि आडवे अँगल एवढ्यावर स्टँड उभे राहते, पण हाताने ढकलले की पत्र्याच्या डब्याची चौकट डुलावी तसे डुलते आणि सगळा ताण वेल्डिंगच्या जोडांवर येतो. चौकोन वाकतो, त्रिकोण वाकत नाही. हे आम्ही सातवीच्या वर्गात काड्यांनी करून दाखवतो. म्हणून चारही बाजूंना फुलीसारखे अँगल मारले. शिडीच्या बाजूला तरी सोडून द्या, असे धाकट्या भावाचे म्हणणे होते. मामूंनी ऐकले नाही. शिडी बाहेरून लावली. टाकीखाली अँगलवर जाड पत्रा सपाट बसवला, कारण प्लास्टिकच्या तळाला अधांतरी जागा चालत नाही.

टाकी भरली, दुसऱ्या दिवशी नट पुन्हा आवळले. अम्मी खालच्या खोलीत जाऊन छताला कुठे बारीक चीर दिसते का ते पाहून आल्या. चीर नव्हती. आता दर वर्षी मे सुरू होण्याआधी मी पाना घेऊन वर जातो आणि गंजलेला भाग खरवडून रेड ऑक्साइड लावतो. टँकरची वाट पाहणाऱ्या टाकीला वारा आधी गाठतो, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे.