युरिया आला, युरिया संपला

कळंबच्या आमच्या कृषी केंद्रात आधी ब्रॉडकास्ट लिस्ट होती. एका यादीत २५६ नंबर बसत. पण ज्याने दुकानाचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलेला नसे, त्याला मेसेज पोचतच नसे. आम्हाला वाटायचे सगळ्यांना कळवले, आणि डोंगरखर्ड्याचा माणूस म्हणायचा, ‘मले तं काहीच नाही आलं.’ मग ग्रुप काढला. तिथे सुप्रभात, लग्नपत्रिका आणि दुसऱ्याच दुकानाचे भाव सुरू झाले. दोन्हींचा अनुभव घेतल्यावर व्हॉट्सॲप चॅनेलकडे वळलो. भारतात ही सोय सप्टेंबर २०२३ मध्ये आली.

*

चॅनेलमध्ये आपण कोणाला परस्पर घालू शकत नाही. ज्याला हवे तो स्वतः फॉलो करतो. म्हणून काउंटरवर क्यूआर कोड चिकटवला आणि बिल देताना एवढेच सांगतो: ‘माल आला की इथे कळेल.’ फॉलो करणाऱ्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. मात्र चॅनेल उघडे असते, कोणीही पाहू शकतो. त्यामुळे उधारीचा एक शब्दही तिथे जात नाही.

*

फॉलो केले तरी चॅनेलचा आवाज सुरुवातीला बंदच असतो. शेतकऱ्याने स्वतः घंटी दाबली तरच फोन वाजतो. म्हणून दुकानात कोणी फॉलो केले की तिथेच विचारतो, ‘घंटी चालू करून देऊ का?’ नाही म्हणाला तर पुन्हा विचारत नाही. ज्याने घंटी चालू केली त्याचा विश्वास एका फालतू मेसेजने जातो. तो भांडायला येत नाही, मुकाट्याने घंटी बंद करतो आणि आपल्याला कळतही नाही. फॉलोअर्सचा आकडा तेवढाच राहतो, म्हणून त्या आकड्यावर मी जात नाही. ‘मेसेज पाहून आलो’ असे काउंटरवर किती जण म्हणतात, ते वहीच्या मागच्या पानावर रेघा मारून मोजतो.

*

सगळ्यात मोठी चूक युरियाची. चॅनेलवर सहाशेच्या वर माणसे, गाडीत २०० गोण्या. सकाळी सातला लिहिले, ‘युरिया आला आहे, लवकर या.’ दहापर्यंत माल संपला. अकराला मेटीखेड्याकडून एक काका एसटीने आले. ‘मेसेज पाहून आलो न भाऊ, आता रिकाम्या हातानं जाऊ का?’ भाडे गेले, दिवस गेला. त्यांचा राग रास्त होता. मेसेज खोटा नव्हता, तरी त्याने त्यांना फसवले होते.

आता मेसेज असा जातो:

‘युरिया ४५ किलो, २६६ रु. ५० पै. गोण्या २००. एकाला दोन. आधार कार्ड आणा, मशीनवर अंगठा लागतो. लांबून येणाऱ्यांनी आधी फोन करा, दुपारी दोनपर्यंत गोणी राखून ठेवू.’

खाली दुकानाचा नंबर, कारण चॅनेलवर वाचणाऱ्याला उत्तर लिहिता येत नाही. माल कमी होईल तसा तोच मेसेज एडिट करतो: ‘उरल्या ९०’, शेवटी ‘संपला’. नवा मेसेज टाकत नाही. पण एडिटही पुरत नाही. जो सकाळी वाचून एसटीत बसला तो पुन्हा फोन उघडून पाहत नाही. त्याच्यासाठी फोन करून राखून ठेवणे, हाच उपाय.

*

आठवड्याला दोन मेसेज ठरलेले, आठवडी बाजाराच्या आदल्या संध्याकाळचा आणि मधला एक. माल आला किंवा कीड दिसली, तरच त्यापेक्षा जास्त. सणाच्या शुभेच्छा नाहीत. चिंतामणीच्या यात्रेत दुकान बंद असेल तर मात्र एक ओळ.

पहिल्याच ओळीत मुद्दा हवा, कारण चॅनेलच्या यादीत तेवढीच दिसते. ‘शेतकरी बांधवांनो, नमस्कार’ने सुरुवात केली की युरिया त्या ओळीबाहेर जातो.

*

वाचायला त्रास होणाऱ्यांसाठी आवाजाची नोंद टाकतो, अर्ध्या मिनिटाच्या आतली. जोडमोह्याच्या एका आजोबांना नातू ती ऐकवतो.

*

औषधाच्या बाबतीत मी जास्त सांभाळून लिहितो. २०१७ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. घंटी वाजवून ‘आजच फवारा’ म्हणणारा दुकानदार मला व्हायचे नाही. गुलाबी बोंडअळीचा मेसेज सापळ्यापासून सुरू होतो: एकरी दोन कामगंध सापळे लावा, सकाळी पतंग मोजा. एका सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग सलग तीन रात्री आले, किंवा शंभरात दहा फुले-बोंडे किडलेली दिसली, तर या. डोमकळीचा फोटो सोबत, म्हणजे शेतात काय शोधायचे ते कळते. त्यात औषधाचे नाव नसते. पीक किती दिवसांचे, आधी काय मारले, हे समोर बसून विचारल्याशिवाय नाव सांगत नाही.

असा पहिला मेसेज गेला त्या आठवड्यात काउंटरवर कमी लोक आले. जे आले ते चिठ्ठीवर तीन रात्रींचे आकडे लिहून आले होते.

*

जुने मेसेज साधारण तीस दिवसच टिकतात. पेरणीच्या वेळी ‘७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय बियाणे टाकू नका’ हे लिहिले, तर जुलैच्या शेवटी ते कोणाला सापडणार नाही. वर्षभर लागणाऱ्या गोष्टी आता दुकानाच्या भिंतीवर, मोठ्या अक्षरात.