सात पानांची फाइल

सोमवार, 9 जून 2025

शाळा-कॉलेजची गर्दी सुरू व्हायच्या आत टपाल उरकायला बसले, तर ई-मेलवर हे पत्र.

“मा. कार्यालयीन अधीक्षक, स. न.
विषय : गुणपत्रकांची एकत्रित पीडीएफ मिळणेबाबत.
महोदय, मी बी.एस्सी. (रसायनशास्त्र) उत्तीर्ण आहे. सत्र 1 ते 6 ची मूळ गुणपत्रके साक्षांकित प्रतींसाठी आपल्याकडे जमा आहेत. मी गावी आले आहे. एम.एस्सी.च्या ऑनलाइन अर्जाला सर्व गुणपत्रके एकाच पीडीएफमध्ये, 2 एमबीच्या आत लागतात. मुदत शुक्रवार, 13 जून. कृपया याच ई-मेलवर पाठवावी. पीआरएन व बैठक क्रमांक खाली दिले आहेत. आपली विश्वासू...”

पीआरएन, मुदत, मर्यादा, सगळे एका पत्रात. नाहीतर “सर, मार्कशीट पाठवा, अर्जंट” एवढ्यावर आम्ही फाइल शोधत बसतो.

मंगळवार, 10 जून

पाकिटात सहा नव्हे, सात कागद निघाले. तिसऱ्या सत्राला एटीकेटी होती, त्यामुळे नापासाचे एक आणि नंतर सुटल्याचे एक. तिला फोन केला. “मॅडम, नापासाचं नका घालू ना?” म्हटलं, सूचना वाच. तिने वाचून दाखवलं : सर्व प्रयत्नांची गुणपत्रके. मग दोन्ही घालायची, तीही लागोपाठ; पडताळणी करणारा परीक्षेचा महिना-वर्ष पाहतो आणि मधला प्रयत्न गायब दिसला की अर्ज बाजूला ठेवतो.

बुधवार, 11 जून

स्कॅनिंग. नेहमीच्या 300 डीपीआयवर रंगीत काढले, फाइल 9 एमबी. शिपाई म्हणाला, झिप करा. पण आत छायाचित्रांसारखी आधीच दाबलेली पाने असतात, झिपने फारसे काही वाचत नाही. आणि पोर्टलला पीडीएफच हवी. मग कृष्णधवल करून पाहिले. फाइल एकदम हलकी, पण जांभळा शिक्का तुटक झाला आणि नक्षीच्या पार्श्वभूमीवर काळे ठिपके पसरले. हे कोण मान्य करील?

शेवटी रंग ठेवला आणि डीपीआय 150 केला. उभे-आडवे दोन्हीकडे निम्मे म्हणजे बिंदू चौथाईच उरतात. फाइल 1.8 एमबी. काही जण 72 पर्यंत उतरतात. तिथे बैठक क्रमांकातले 3 आणि 8 सारखेच दिसू लागतात. मी 200 टक्के मोठे करून प्रत्येक पानावरचे गुण, एसजीपीए आणि शिक्का वाचून पाहिला. पाचवे पान उलटे होते, ते फिरवले. फाइलच्या नावात पीआरएन आणि Sem1-6, मोकळी जागा नाही. काही पोर्टले त्यावरही अडतात.

गुरुवार, 12 जून

सकाळी पाठवली. दुपारी उत्तर : अपलोड झाली, पावती आली.

मूळ कागद अजून कपाटात आहेत. तिचा मामेभाऊ शनिवारी न्यायला येतो म्हणते. त्याच्याकडे तिचे सहीचे अधिकारपत्र आणि ओळखपत्राची झेरॉक्स असेल तरच नोंदवहीत सही घेऊन देईन, हे तिला आताच कळवले.