कुणाला दाखवलंत?

ताप दोन दिवस उतरला नाही की घरी बघायला आलेला माणूस विचारतो, ‘कुणाला दाखवलंत?’ कुठे दाखवलंत असं सहसा कुणी विचारत नाही. उत्तरही तसंच येतं. ‘मॅडमना दाखवलं’, ‘धाकट्या डॉक्टरांना’, ‘पारावरच्या डॉक्टरांकडे नेलं होतं’. त्या पारावरच्या डॉक्टरांच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत ‘आरोग्यधाम’ लिहिलेलं असतं. तीस वर्षं तिथं औषध घेणाऱ्या माणसाला ते नाव सांगितलं तर तो म्हणेल, हे कुठं आलं?

माझी भाची मुलांची डॉक्टर. तिचा नवरा एम.बी.बी.एस.नंतर फॅमिली मेडिसिन शिकलेला. दोघांनी साताऱ्याच्या एका जुन्या पेठेत, आमच्याच घराचा तळमजला दुरुस्त करून दवाखाना काढायचं ठरवलं. खाटा नाहीत, ऑपरेशन नाही. ताप, खोकला, लशी, बी.पी., साखर आणि घरातल्या सगळ्या वयांची माणसं, एवढाच पसारा. रंगारी झाला, वायरमन झाला, बेसिन बसलं आणि नाव राहिलं. ‘मावशी, तू लिहितेस ना,’ भाची म्हणाली, ‘मग सुचव की. फक्त शाखा वाटायला नको.’

शाखा वाटायला नको म्हणजे नेमकं काय, याचा मी तोवर कधी विचार केला नव्हता. पाटी करणाऱ्या मुलानं मोबाइलवर नावांचे नमुने पाठवले तेव्हा ते कळायला लागलं. प्रत्येक नावात ‘केअर’, ‘लाइफ’, ‘हेल्थ’ किंवा ‘प्लस’ होतं. शेजारी एक हिरवं पान, नाहीतर झेप घेणारा बिनचेहऱ्याचा माणूस. खाली पेठेचं नाव. ते पेठेचं नाव मला सगळ्यात जास्त खटकलं. नावाच्या शेपटाला गाव किंवा पेठ लावली की वाचणारा आपोआप समजतो, दुसरीकडेही असंच एक असणार. एकुलत्या एक दवाखान्याला हे शेपूट लावलं की तो उघडण्याआधीच शाखा होतो. आणि त्या नमुन्यांत डॉक्टरांची नावं कुठेच नव्हती. साखळीवाल्यांचं ते बरोबरच आहे. त्यांच्याकडे डॉक्टर बदलतात, म्हणून डॉक्टरांची नावं सरकत्या पट्टीत असतात आणि कायमचं नाव कंपनीचं असतं. तिथली औषधं वाईट असतात असं मी म्हणत नाही. पण ते नाव ‘कुणाला’चं उत्तर देत नाही आणि ‘कुठे’चं अर्धवट देतं. भाचीला जे नको होतं ते हेच होतं, हे मला त्या नमुन्यांवरून उमगलं.

मग घरात नावांचा हंगाम सुरू झाला. तिच्या आईनं दोघांच्या नावांची आद्याक्षरं जोडून एक शब्द केला. आपल्याकडे बंगल्यांना अशी नावं देण्याची हौस फार. पण त्या शब्दाला दोघांखेरीज कुणालाच अर्थ लागत नव्हता, आणि इंग्रजीत लिहिल्यावर तो खोकल्याच्या औषधासारखा दिसायला लागला. आडनावं लावावीत तर तीही दोन. भाचीची पदवी आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी माहेरच्या नावावर आहे, म्हणून पाटीवर तेच यायला हवं. दोन्ही आडनावं आणि ‘यांचा दवाखाना’ एवढं सगळं एका ओळीत बसवलं की वकिलांची फर्म वाटे. त्यात पहिलं कुणाचं हा प्रश्न निघाला, तो दोघांनी हसून टाळला आणि मी मुद्दाम पुढे विचारला नाही.

संस्कृतकडे वळलो. संजीवनी, चिरायु, निरामय, धन्वंतरी. नावं गोड आहेत, पण जिल्ह्यागणिक सापडतात. नावं सारखी असली की पहिला घोटाळा लॅबमध्ये होतो. रिपोर्ट ज्या नावावर पाठवायचा ती दोन-तीन ठिकाणं निघतात आणि रक्ताचा कागद भलत्याच टेबलावर जाऊन पडतो. नकाशा लावून येणारा रिक्षावालाही दुसऱ्या टोकाला उतरवतो. ‘संजीवनी’ला माझी आणखी एक हरकत होती. ते नाव फार मोठं वचन देतं. सर्दीची गोळी देणाऱ्यानं द्रोणागिरी उचलल्याचा आव कशाला आणावा?

एक नाव मात्र मनात बराच काळ रेंगाळलं, ‘अश्विनी’. अश्विनीकुमार देवांचे वैद्य, आणि तेही जुळे. दोन डॉक्टरांच्या दवाखान्याला यापेक्षा नेमकं नाव पुराणात मिळणार नाही. च्यवन ऋषींना त्यांनी पुन्हा तरुण केलं, तेव्हा अनुभवही दांडगा. पण अश्विनीही सगळीकडे आहे. कुलाब्याच्या नौदलाच्या रुग्णालयाचं नावसुद्धा तेच. आणि ही जोडी ओळखणारा माणूस शंभरात एखादा. बाकीच्यांना वाटणार, अश्विनी नावाच्या डॉक्टरीणबाई असतील. त्या नाहीत म्हटल्यावर, मग कुठं गेल्या?

माझ्या आईचं नाव द्यावं, असं मेव्हण्यांनी सुचवलं. घर तिचं, म्हणून ते रास्त होतं. फक्त आपल्याकडे गेलेल्या माणसाचं नाव आलं की ‘कै.’ आणि ‘स्मृती’ हे दोन शब्द मागोमाग येतात. छातीत धडधडतंय म्हणून आलेल्या माणसानं दारातच ‘कै.’ वाचावं, हे काही बरं नव्हे. नुसतं ‘आजीचा दवाखाना’ म्हणावं तर जावयांनी हात जोडले. ‘मावशी, लोक काढा मागतील.’ खरं होतं. आजी म्हटलं की बटवा आलाच, आणि इथे तर फ्रीजमध्ये लशी ठेवायच्या होत्या. ‘आपला दवाखाना’ हे सगळ्यांत आपुलकीचं नाव, तेही सरकारी होऊन बसलंय. 2022 पासून मुंबईत त्या नावाचे मोफत दवाखाने निघाले आणि पुढे राज्यभर पसरले. ती पाटी लावली असती तर पेशंटनं फीच्या नावानं भुवया उंचावल्या असत्या.

आता ‘दवाखाना’ या शब्दावरच वाद सुरू झाला. जावयांना तो पालिकेचा, नाहीतर गुरांचा वाटे. ‘क्लिनिक’ स्वच्छ वाटतं, असं त्यांचं म्हणणं. ‘हॉस्पिटल’ तर खाटा नसताना म्हणायचंच नव्हतं. ‘नर्सिंग होम’ म्हटलं की 1949 च्या कायद्याखालची वेगळी नोंदणी आलीच पाहिजे, आणि ‘पॉलिक्लिनिक’ म्हणजे पाच-सहा स्पेशालिस्ट बसतात अशी समजूत. उरले दोन शब्द. मी फोनवर दोन्ही म्हणून पाहिले. ‘क्लिनिकला चाललेय.’ ‘दवाखान्यात चाललेय.’ आमच्याकडची माणसं दुसरंच बोलतात. पुण्याला मोठ्या इस्पितळात भरती केलं तरी ‘दवाखान्यात ठेवलंय’ म्हणतात. मग जो शब्द पेशंटच्या तोंडात आधीपासून आहे तो पुसून दुसरा कशाला भरवायचा?

या बोलून पाहण्यातूनच मला एक कसोटी सापडली. नाव पाटीवर कसं दिसतं ते नंतर बघायचं, आधी ते निरोपात घालायचं. ‘अगं, बाळाला घेऊन अमुककडे जाऊन ये’ किंवा ‘मी अमुकवर आहे, तू ये’, यात जे नाव अडखळतं ते गेलं. इंग्रजी जोडनावं इथे हटकून अडखळतात. माणसाचं नाव ‘कडे’ला चालतं, जागेचं ‘वर’ला, ‘पाशी’ला चालतं.

आमच्या घराला रस्त्याच्या बाजूनं दगडी ओटा आहे. आईच्या काळी दुपारी बायका तिथं शेंगा सोलत बसायच्या. दुरुस्ती चालू असताना मिस्त्री, त्याची माणसं, चौकशी करायला येणारे शेजारी, सगळे तिथंच टेकायचे. दवाखाना उघडण्याआधीच समोरच्या काकू कुणाला तरी सांगताना ऐकलं, ‘त्या ओट्यावरच्या दवाखान्यात मुलांची डॉक्टर येणारेय.’ नाव असं आयतं मिळालं. ते कुठे आहे हे सांगतं, बसायला बोलावतं आणि बरं करण्याचं कसलंही वचन देत नाही.

तरी तपासायचं ते तपासलं. ओटा म्हणजे स्वयंपाकघरातलाही, मग खाणावळ तर वाटणार नाही ना? ‘दवाखाना’ जोडल्यावर वाटत नव्हतं. नुसता ‘ओटा’ इंग्रजीत लिहिला तर पहिल्या दोन अक्षरांत ऑपरेशन थिएटर दिसत होतं, म्हणून पूर्ण नावच ठेवलं. ट्रेडमार्कच्या सरकारी संकेतस्थळावर वैद्यकीय सेवांचा 44 वा वर्ग उघडून शोधलं. तिथं ‘केअर’वाल्या नावांची रीघ होती, ओट्यावर कुणी बसलेलं नव्हतं. नाव मोठं व्हायला लागलं तर नोंदवू, असं म्हणून ते काम पुढं ढकललं. ओटा चढायला म्हाताऱ्यांना जड, म्हणून एका बाजूनं उतार करून घेतला. ज्या ओट्याचं नाव लावायचं तोच गुडघेदुखीच्या पेशंटला अडवायला लागला तर ते नाव टिकणार नाही.

पाटीचं काम मग सोपं झालं, कारण बरंच काही नियमांनीच ठरवलेलं असतं. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे 2002 चे नियम सांगतात की पाटी अवाजवी मोठी नसावी, आणि तिच्यावर डॉक्टरचं नाव, पदव्या, विशेष शाखा आणि नोंदणी क्रमांक याखेरीज काही लिहू नये. म्हणजे ‘तुमच्या आरोग्याचा विश्वासू साथी’ वगैरे ओळ, जी पाटीवाल्यानं फुकट दिली होती, ती गेली. लाल क्रॉसही गेला. ते चिन्ह रेडक्रॉसचं आहे आणि 1960 च्या जिनिव्हा करार कायद्यानं ते खासगी दवाखान्याला वापरता येत नाही, तरी निम्म्या पाट्यांवर दिसतं. दहापेक्षा कमी माणसांच्या आस्थापनांनाही 2022 च्या दुरुस्तीनंतर मराठी देवनागरी पाटी बंधनकारक झाली आणि इतर लिपीतली अक्षरं मराठीपेक्षा मोठी चालत नाहीत. आम्हाला ते हवंच होतं.

आता पाटीवर वर ‘ओट्यावरचा दवाखाना’ आहे. खाली दोघांची पूर्ण नावं एकाच मापाच्या अक्षरांत आहेत, प्रत्येकाच्या पदव्या आणि नोंदणी क्रमांकासह. पहिलं कुणाचं हा प्रश्न पाटीवाल्यानं नावं शेजारी-शेजारी लिहून सोडवला. बिनचेहऱ्याचा माणूस नाही, पेठेचं शेपूट नाही. गावातले लोक नाव अजून आखूड करून ‘ओट्यावर’ एवढंच म्हणतात. दवाखाना सकाळी दहा ते एक आणि संध्याकाळी सहा ते नऊ उघडा असतो, रविवारी बंद.