पाटी उतरवून घेताना

नवेगाव बांधच्या परिसरात तलावांना तोटा नाही. कोहळी समाजाने बांधलेले जुने तलाव गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांत गावोगाव आहेत, आणि मालगुजारी संपल्यावर सरकारी दप्तरात असे तलाव 'माजी मालगुजारी तलाव' झाले. एवढे लांब नाव लिहिण्याऐवजी 'मा. मा. तलाव' असे लिहिण्याची पद्धत पडली, आणि बोलण्यात तर सरळ 'मामा तलाव'च झाला. आता अशा एखाद्या पाटीचा फोटो कोणी दूरच्या अनुवादकाला पाठवला, सोबत तिच्यावरचा मजकूर टाइप करून दिला, आणि अनुवादाची वेळ येईपर्यंत फोटो उघडेनासा झाला, असे समजा. दुवा मेला असेल, फोन बदलला असेल, कोणी जागा रिकामी करायला पुसला असेल. हाती उरली एक ओळ: 'मामा तलाव'. अनुवादक ती आईच्या भावाचा तलाव अशीच वाचणार, आणि त्यात त्याची चूक नाही. पाटीवर दोन पूर्णविराम आणि एक मोकळी जागा होती. टाइप करणाऱ्याने ती ऐकीव नावाच्या सवयीने गाळली, आणि शब्दाकडे परत जायची वाट तिथेच बुजली.

पाटी उतरवण्याच्या कामाबद्दल माझे म्हणणे या एका उदाहरणात जवळजवळ सगळे येते. फोटो जाणार असे धरूनच मजकूर उतरवावा, आणि तो डोळ्याला दिसतो तसा उतरवावा. कानाला जे माहीत आहे ते आणि मनाला जे समजले आहे ते, दोन्ही त्या ओळीबाहेर ठेवावे. 'मा. मा. म्हणजे माजी मालगुजारी' ही माहिती मोलाची आहे, ती जरूर द्यावी, पण खाली वेगळी टीप म्हणून. मूळ ओळीत विस्तार घुसवला तर पाटीवर काय होते आणि उतरवणाऱ्याने काय भरले हे पुढे कोणालाच सांगता येत नाही. शिलालेख वाचणाऱ्यांनी ही अडचण फार आधी ओळखली होती. ग्रीक-लॅटिन लेखांच्या अभ्यासकांनी १९३१ मध्ये लायडन येथे खुणा ठरवून घेतल्या: झिजून गेलेला भाग चौकोनी कंसात, संक्षेपाचा विस्तार गोल कंसात, शंकास्पद अक्षराखाली टिंब. दगडासाठी ठरलेली ही शिस्त पत्र्याच्या पाटीला जशीच्या तशी लागू पडते, कारण फोटो गेला की पत्र्याची पाटीही झिजलेल्या दगडाइतकीच अबोल होते.

दिसते तसे उतरवा म्हणजे चुकाही उतरवा, आणि इथे सुशिक्षित माणसाचा हात सर्वात जास्त अडखळतो. 'बोडी' हा शब्द पाहा. या भागात लहान तळ्याला बोडी म्हणतात. पुण्या-मुंबईच्या माणसाला ती रंगाऱ्याची चूक वाटते आणि तो 'वाडी' करून टाकतो. पाण्याची जागा वस्ती होऊन बसते. किंवा पाटीवर 'जि. भंडारा' असते आणि उतरवणारा 'जि. गोंदिया' अशी दुरुस्ती करतो, कारण गाव आज गोंदियातच आहे. पण गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. पाटीवर जुना जिल्हा असेल तर ती त्याआधीची असावी, निदान तिचा मजकूर तरी जुना असावा, हे सांगणारा तो एकमेव धागा असू शकतो. दुरुस्ती करायची हौस असेल तर ती अनुवादकाला करू द्यावी, त्याच्याकडे चूक आणि बरोबर दोन्ही पोचू द्यावे.

देवनागरी अक्षरे उतरवली म्हणजे भाषा सांगितली असे मात्र नाही. गोंदिया मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या सीमेवरचा जिल्हा आहे, इथे मराठी आणि हिंदी पाट्या शेजारी शेजारी असणे स्वाभाविक आहे. 'शिक्षा' हा एकच शब्द एका पाटीवर शिक्षण असतो आणि दुसऱ्या पाटीवर दंड. पूर्ण वाक्य हाती असेल तर प्रश्न नाही. पण पाटीचा अर्धा भाग झाडाच्या फांदीने झाकला असेल आणि शब्द सुटा उरला असेल, तर लिपी एकीकडे आणि भाषा दुसरीकडे अशी वेगळी नोंद लागते. भाषेचा अंदाज कशावरून केला तेही लिहावे: 'आहे' दिसले की 'है', 'ळ' दिसला की चंद्रबिंदू. चंद्रबिंदू म्हणूनच पुसू नये. 'बांध' आणि 'बाँध' यांतला फरक आपल्याला नगण्य वाटतो, पण पाटी हिंदीत होती हे सांगणारी तेवढीच खूण कधी कधी उरते.

खरी परीक्षा लिपी अनोळखी असते तेव्हा होते, आणि त्यासाठीही नवेगाव बांधच्या तालुक्याबाहेर जावे लागत नाही. अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ १९७२ मध्ये तिबेटी निर्वासितांची वसाहत झाली, तिचे नाव नोर्ग्येलिंग. समजावण्यापुरती मी एक पाटी कल्पून घेतो. वरच्या ओळीत तिबेटी, खाली देवनागरी, एका ठिकाणी रंग उडालेला. ती अशी उतरवावी:

```
पाटी: पत्रा, निळी जमीन, पांढरी अक्षरे
ओळ १ | लिपी तिबेटी  | ནོར་རྒྱས་གླིང་
ओळ २ | लिपी देवनागरी | नोर्ग्येलिंग ति[. .] वसाहत
ओळ ३ | लिपी देवनागरी | जि. भंडारा
खाली: बाण, टोक डावीकडे
```

दुसऱ्या ओळीतल्या चौकोनी कंसातली दोन टिंबे सांगतात की तिथे सुमारे दोन अक्षरे होती आणि ती वाचता आली नाहीत. 'तिबेटी' हे उघड आहे, तरी ते भरू नये, कारण उघड वाटणे हा उतरवणाऱ्याचा अंदाज आहे. नुसते टिंब न देता किती अक्षरांची जागा आहे ते सांगितले की अनुवादकाला आपला तर्क त्या जागेत बसतो का ते तपासता येते.

पहिली ओळ टाइप करता आली नाही तर काय, हा सर्वात सयुक्तिक आक्षेप आहे. तिबेटी कळफलक प्रत्येकाच्या फोनवर नसतो, आणि लिपी येत नसणारा माणूस म्हणेल, कोणा जाणकाराला विचारून उच्चार देवनागरीत लिहितो, काम झाले. काम झालेले नसते. तिबेटी लेखन आणि आजचा उच्चार यांच्यात कित्येक शतकांचे अंतर पडले आहे. पाटीवरच्या तीन अक्षरगटांची अक्षरे एकेक करून देवनागरीत मांडली तर होते 'नोर · र्ग्यस · ग्लिङ'. ऐकू येते 'नोर्ग्येलिंग'. मधला गट ऐकताना वरचा र आणि शेवटचा स नाहीसा होतो, शेवटच्या गटातला ग नाहीसा होतो. आता उलट जाऊन पाहा. 'ग्ये' एवढेच हाती असेल तर ते 'र्ग्यस' म्हणजे वाढणे, भरभराटणे असू शकते आणि 'ब्र्ग्यद' म्हणजे आठ हेही असू शकते. संपत्ती, भरभराट आणि भूमी अशा तीन शब्दांचे हे नाव केवळ कानाने लिहिले की मधल्या शब्दाचा अर्थ परत मिळवायची खात्री राहत नाही. मोडीचे लिप्यंतर करणाऱ्यांना या प्रकारची अडचण परिचयाची आहे: मोडीत इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद सहसा नसतो, तेव्हा देवनागरीत आणताना लिप्यंतरकार तो स्वतः ठरवत असतो.

सुदैवाने मराठी माणसाला इथे एक सोय आहे. तिबेटी लिपी भारतीय लिप्यांच्याच घराण्यातली असल्यामुळे तिची बहुतेक अक्षरे देवनागरीत एकास एक बसतात, आणि र, ग, य एकावर एक रचायची तिची रीत आपल्या जोडाक्षराला जवळची आहे. अभ्यासक रोमन अक्षरांत लिहायची वायली पद्धत वापरतात. ती १९५९ मध्ये मांडली गेली आणि तिच्यात हेच तीन गट साध्या कळफलकावर बसतात:

```
nor rgyas gling
```

देवनागरीत करताना एक ठिकाण जपावे लागते. आपण 'चहा' आणि 'चमचा' यांतले दोन वेगळे उच्चार एकाच च ने लिहितो, तिबेटीत त्यांना दोन वेगळी अक्षरे आहेत. दुसऱ्याखाली नुक्ता द्यावा आणि तसे एकदा सांगून ठेवावे, नाहीतर दोन अक्षरांचे एक होते.

यावर कोणी म्हणेल की लिपी न येणारा माणूस आकार पाहून उतरवणार म्हणजे चुका करणारच, मग त्या ओळीचा काय भरवसा? चुका होतात, आणि कुठे होतात तेही ठरलेले आहे. तिबेटी प आणि ब यांत फरक फक्त वरच्या बाजूचा आहे: ब वरून बंद, प उघडा. ङ आणि द हेही धूसर फोटोत एकमेकांत मिसळतात. संदेशातून फोटो पाठवताना तो आक्रसतो आणि डोक्यावरच्या स्वरखुणा सर्वात आधी जातात. इकाराच्या जागी एकार वाचला गेला तर 'ग्लिङ' म्हणजे भूमी, तिचे 'ग्लेङ' म्हणजे बोलणे होते. पण अक्षरशः उतरवलेल्या चुकीत एक गुण आहे, ती पकडता येते. तिबेटी अक्षरगटाची रचना कडक आहे. संस्कृतातून घेतलेले शब्द सोडले तर गटात मूळ व्यंजनानंतर शेवटी दहाच अक्षरे येऊ शकतात, त्यांत ब आहे आणि प नाही. शेवटी प उतरवलेला दिसला की जाणकाराला कळते, तिथे ब असणार. 'ग्लिद' आले तर तो शब्द सापडत नाही म्हणून तो ङ कडे वळतो. उच्चार ऐकून लिहिलेल्या ओळीतली चूक अशी उघडी पडत नाही, ती वाचायला सुरेख असते आणि तशीच पुढे जाते. म्हणून अडाणी पण प्रामाणिक नक्कल मला जाणत्या पण सुधारलेल्या मजकुरापेक्षा जास्त उपयोगाची वाटते. दोन आकारांत शंका असेल तर दोन्ही लिहावेत, आधी जो अधिक संभवतो तो.

अर्थच विचारून का लिहू नये, हा आक्षेप मी थोडक्यात निकाली काढतो. अर्थ लिहिणे म्हणजे अनुवादच करणे, आणि तो तपासायला मूळ उरत नसेल तर तो शेवटचा ठरतो. जाणकाराने सांगितलेला अर्थ टिपेत असावा, ओळीच्या जागी नसावा. मात्र अचूक नक्कलही सगळे सोडवत नाही, हे मान्य करायला हवे. तिबेटीत 'नोर' म्हणजे संपत्ती, आणि त्याच अक्षरांनी लिहिलेल्या क्रियापदाचा अर्थ चुकणे असा आहे. कोणते घ्यायचे ते अक्षरे सांगत नाहीत, ते वसाहतीचे नाव आहे ही बाहेरची माहिती सांगते. पाटी कशावर लावली होती, दारावर की रस्त्याच्या फाट्यावर, एवढे एक वाक्य त्यासाठी हवे.

म्हणूनच बाणही मजकुरात धरावा. फाट्यावरच्या पाटीत बाण हा शब्दाइतकाच शब्द आहे, आणि शब्द टाइप करताना तो बहुधा सुटतो. तो नावाच्या ओळीत होता की खाली वेगळा, टोक डावीकडे की वर, हे लिहिले नाही तर दोन गावांची नावे असलेल्या पाटीचा अनुवाद दोन नावांची यादी होतो. फोटो घेणारा कोणत्या बाजूला तोंड करून उभा होता हे कळले तर त्या बाणाची दिशाही सांगता येते, म्हणून पाटी तळ्याकाठी असेल तर पाणी त्याच्या डाव्या हाताला होते की उजव्या, तेही नोंदीत असावे.