पॅकेट-हेडरच्या आराखड्यातील तिसरी ओळ

इंटरनेटवरून जाणारा मजकूर लहान लहान तुकड्यांत विभागला जातो. अशा प्रत्येक तुकड्याला पॅकेट म्हणतात, आणि त्याच्या आरंभी प्रवासाला लागणारी माहिती ज्या ठरीव क्रमाने मांडलेली असते, तिला हेडर अशी संज्ञा आहे. आजही मोठ्या प्रमाणावर वापरात असलेल्या चौथ्या आवृत्तीच्या इंटरनेट प्रोटोकॉलचे हेडर सप्टेंबर 1981 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, जॉन पोस्टेल यांनी संपादित केलेल्या आरएफसी 791 या दस्तऐवजात आकृतीच्या रूपाने दिलेले आहे. या आकृतीत 32 बिटांची एक ओळ अशा किमान 5 ओळी, म्हणजे एकूण 20 बाइट असतात. बिटांना डावीकडून 0 ते 31 असे क्रमांक दिलेले असून सर्वांत डावीकडील बिटाचे मूल्य सर्वाधिक मानले जाते. यांपैकी तिसऱ्या ओळीत टाइम टू लिव्ह, प्रोटोकॉल आणि चेकसम ही तीन क्षेत्रे शेजारी शेजारी येतात, आणि त्यांचे परस्परसंबंध समजले की पॅकेटच्या प्रवासाचे बरेचसे गणित उलगडते.

उदाहरणादाखल, एखाद्या लिनक्स संगणकाने दूरच्या यंत्राचा प्रतिसाद तपासण्यासाठी ping या आज्ञेने पाठवलेल्या पॅकेटचे पुढील हेडर घेता येईल. ते षोडशमान पद्धतीत, म्हणजे 0 ते 9 हे अंक आणि a ते f ही अक्षरे वापरून लिहिलेले आहे. यातील प्रत्येक चिन्ह 4 बिटांचे असते.

```
4500 0054
1c46 4000
4001 20ab
c0a8 010a
cb00 7105
```

पहिल्या ओळीतील 4 हा आवृत्तीचा क्रमांक असून त्यापुढील 5 हा हेडरमध्ये 32 बिटांच्या किती ओळी आहेत ते सांगतो, तर ओळीच्या शेवटचा 0054 हा आकडा दशमान पद्धतीत 84, म्हणजे पूर्ण पॅकेटची बाइटमधील लांबी होय. दुसरी ओळ पॅकेटचे आणखी तुकडे करण्याविषयीची आहे आणि तिच्यातील 4000 या आकड्याचा अर्थ तुकडे करू नयेत असा होतो. चौथ्या व पाचव्या ओळींत अनुक्रमे पाठवणाऱ्याचा 192.168.1.10 आणि घेणाऱ्याचा 203.0.113.5 हा पत्ता आहे.

तिसऱ्या ओळीचे पहिले 8 बिट 40, म्हणजे दशमान 64 असे आहेत, आणि ते टाइम टू लिव्ह या क्षेत्राचे आहेत. मूळ दस्तऐवजात हे आयुष्य सेकंदांत मोजण्याची कल्पना होती. परंतु पॅकेट हाताळणाऱ्या प्रत्येक यंत्राने, त्याला एका सेकंदाहून कमी वेळ लागला तरी, हा आकडा किमान 1 ने कमी केलाच पाहिजे असाही नियम असल्यामुळे, प्रत्यक्षात तो वाटेतील राउटरांची, म्हणजे पॅकेट पुढच्या जाळ्यात ढकलणाऱ्या यंत्रांची मोजणी करणारा आकडा बनला. दोन राउटरांची मार्गनोंद चुकून प्रत्येकाने पॅकेट दुसऱ्याकडेच पाठवायचे असे ठरले, तर या क्षेत्राअभावी ते पॅकेट त्यांच्यामध्ये अखंड फिरत राहिले असते; क्षेत्र असल्यामुळे आकडा शून्यावर येताच ते टाकून दिले जाते.

ज्या राउटरापाशी आकडा शून्य होतो, तो सहसा मूळ पाठवणाऱ्याला तसा संदेश धाडतो, आणि त्या संदेशाचे स्वरूप ओळखण्याचे काम याच ओळीतील पुढील 8 बिट, म्हणजे प्रोटोकॉल हे क्षेत्र करते. हेडरनंतर येणारा मजकूर कोणत्या नियमांनुसार वाचावा हे ते क्रमांकाने सांगते: 1 म्हणजे चाचणीचे व त्रुटींचे संदेश वाहणारा आयसीएमपी, 6 म्हणजे टीसीपी आणि 17 म्हणजे यूडीपी. प्रस्तुत उदाहरणात येथे 01 आहे. traceroute ही आज्ञा या दोन क्षेत्रांच्या जोडीवरच चालते, कारण ती आयुष्य आधी 1, मग 2, मग 3 असे ठेवून पॅकेट पाठवते आणि आलेल्या त्रुटीसंदेशांवरून वाटेतील राउटरांचे पत्ते क्रमाने जुळवते. या यादीत तेच दोन पत्ते आलटून पालटून येऊ लागले, तर मार्गात फेरा पडला आहे असे समजावे.

तिसऱ्या ओळीचे उरलेले 16 बिट चेकसमचे, म्हणजे हेडरमधील आकडे वाटेत बिघडले नाहीत ना हे तपासण्यासाठी ठेवलेल्या बेरजेचे असतात. ती काढताना चेकसमच्या जागी 0000 धरून हेडरमधील 16 बिटांचे सर्व गट मिळवले जातात. वरील उदाहरणात ही बेरीज 2df52 येते, आणि ती 16 बिटांत मावत नसल्याने बाहेर आलेला 2 हा हातचा खाली पुन्हा मिळवून df54 मिळते. यातील प्रत्येक बिट उलटा केला, म्हणजे 0 च्या जागी 1 आणि 1 च्या जागी 0 लिहिला, की 20ab हा चेकसम तयार होतो. घेणारे यंत्र चेकसमसह सर्व गट मिळवते आणि उत्तर ffff आले तरच हेडर शाबूत मानते.

आता पहिल्या राउटरापाशी आयुष्य 64 वरून 63 झाले की 4001 चे 3f01 होते आणि आधीचा चेकसम लागू पडत नाही. मात्र आयुष्याचे क्षेत्र 16 बिटांच्या गटाच्या डाव्या अर्ध्यात असल्याने 1 ची घट ही बेरजेत 0100 ची घट ठरते, आणि चेकसम बेरजेच्या उलट्या बिटांचा असल्याने तो तेवढ्याच आकड्याने वाढून 21ab होतो. त्यामुळे राउटराला पूर्ण बेरीज पुन्हा करावी लागत नाही. 0100 मिळवून हातचा आल्यास तो खाली घेतला की काम भागते. एखाद्या सदोष यंत्राने आयुष्य घटवून चेकसम मात्र 20ab च ठेवला, तर पुढील यंत्राला ffff ऐवजी feff मिळेल आणि ते पॅकेट कोणताही संदेश न पाठवता टाकून देईल, कारण बिघडलेल्या हेडरमधील पाठवणाऱ्याच्या पत्त्यावरही विसंबता येत नाही.

या तपासणीच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. बेरजेत क्रमाला महत्त्व नसल्याने c0a8 आणि 010a या गटांची अदलाबदल झाली तरी ती लक्षात येत नाही, शिवाय हेडरनंतरचा मजकूर या बेरजेत धरलेलाच नसतो. पाठवणाऱ्या संगणकावरच पॅकेट पकडून पाहिले असता कधी कधी चेकसम 0000 दिसतो, पण तेवढ्यावरून बिघाडाचा निष्कर्ष काढू नये, कारण अनेकदा हा आकडा नेटवर्क कार्ड सर्वांत शेवटी भरते. खरी खात्री घेणाऱ्या टोकाला पकडलेल्या पॅकेटवरूनच होते.

सहाव्या आवृत्तीच्या हेडरमध्ये आयुष्याचे क्षेत्र राउटरांची मोजणी अशा स्पष्ट अर्थाने राखले गेले आणि प्रोटोकॉलचे क्षेत्रही पुढील हेडरचा प्रकार सांगण्यासाठी राहिले, परंतु चेकसम वगळण्यात आला. दर टप्प्यावर आयुष्य बदलत असल्यामुळेच चेकसमही दर टप्प्यावर बदलावा लागत होता, आणि तो काढल्याने राउटरांचे हे काम संपले. त्याच्या मोबदल्यात पत्त्यांची तपासणी वरच्या थराकडे गेली, आणि म्हणूनच चौथ्या आवृत्तीत ऐच्छिक असलेला यूडीपीचा चेकसम सहाव्या आवृत्तीत सर्वसाधारणपणे बंधनकारक करावा लागला.