अर्ध्या दिवसाचा खाडा

डाळमिलीत साडेचार तास काम करूनही त्या दिवशी हजेरीपटावर माझ्या नावापुढं पूर्ण खाडा पडला. मिल सुटून बराच काळ झाला, पण ते १८५ रुपये अजून माझ्या डोक्यातून जात नाहीत. १८५च का, ते पुढं सांगते.

नवरा अपघातात गेला आणि मी दोन लेकरं घेऊन रेणापूरला माहेरच्या गल्लीत खोली केली. आई अजून रोजानं शेतात जाते, म्हणजे लेकरं बघायला घरी कुणी नाही. मोठी तिसरीत, धाकटा पहिलीत, दोघंही जिल्हा परिषदेच्या शाळेत. धाकट्याला बाळदमा आहे. पावसाळा सुरू झाला की त्याची छाती भरते, आणि थंडीत पुन्हा.

शाळा दहा ते पाच. शनिवारी सकाळची, आणि उन्हाळा लागला की रोजच सकाळची. एकट्या बाईनं काम शोधायचं ते या वेळापत्रकात, पण लातूरची कामं या वेळापत्रकात बसत नाहीत. रेणापूरहून लातूर वीसेक किलोमीटर. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून जाणं-येणं परवडतं. अडचण तिकिटाची नाही, वेळेची आहे. मिल नऊला सुरू व्हायची, म्हणून मला आठच्या सुमाराला पिंपळफाट्यावर उभं राहावं लागायचं. मी निघाल्यावर शाळा भरेपर्यंतचे दोन तास आणि पाचला सुटल्यापासून मी येईपर्यंतचे दोन तास लेकरं शेजारच्या मावशींच्या ओट्यावर. मावशींनी कधी एक रुपया घेतला नाही. पण त्यांचं हे काम मी पैशात धरलं असतं, तर मिलीचा पगार तेव्हाच अर्ध्यावर आला असता.

मिलीत माझं काम होतं डाळ निवडायचं आणि किलो-किलोच्या पुड्या भरायचं. हल्ली रंगावरून दाणा वेगळा करणारी मशीन आलीय, तरी शेवटची नजर बायकांचीच लागते. मशीनमधून सुटलेले काळे दाणे, सालीसकट राहिलेली डाळ आणि खडा आम्ही काढायचो. चुनी वेगळी जायची, ती गुरांसाठी. रोज ३५० रुपये, आणि महिनाभर एकही खाडा नसला तर वर ५०० रुपये हजेरीचे. सव्वीस दिवस भरले की ९,६०० रुपये. दहा तारखेला पैसे हातात. माझ्यासारखीला ही रक्कम मोठी होती.

त्या दिवशी दुपारी शाळेतून बाईंचा फोन आला. धाकट्याला धाप लागलीय, अंगही तापलंय, घेऊन जा. दीडला जेवणाची सुट्टी व्हायची. मी हातातलं पोतं पूर्ण निवडलं, सुट्टी होताच मुनीमजींना सांगितलं आणि निघाले. दुसऱ्या दिवशी हजेरीपट बघितला तर खाडा. विचारलं तर म्हणाले, "दुपारनंतर नव्हतीस ना? इथं अर्धा दिवस धरत नाहीत." मी म्हणाले, "सकाळी नऊपासून दीडपर्यंत कोण बसलं होतं मग?" त्यावर उत्तर आलं, "तुझं धरलं तर उद्या सगळ्याच लेकरांचं नाव सांगून निघतील." आणि महिन्याचे ५०० तर गेलेच, कारण खाडा पडला होता.

हिशोब मांडते. नऊ ते सहा, त्यात अर्धा तास जेवणाचा, म्हणजे कामाचे साडेआठ तास. मी साडेचार तास केले, चार तास केले नाहीत. ३५० रुपयांतले चार तासांचे होतात १६५. तेवढे कापले असते तर मी हूं की चूं केलं नसतं. कापले ३५०. जास्तीचे गेले ते १८५. त्यावर हजेरीचे ५००. म्हणजे एका फोनची किंमत ८५० रुपये, आणि दवाखाना, वाफेचं औषध वेगळं. तापाच्या एका दुपारीत अडीच दिवसांची मजुरी गेली.

आणि यातली खरी मेख मला नंतर कळली. अर्ध्या दिवसाचा पूर्ण खाडाच पडणार असेल, तर सकाळी लेकराचं अंग जरा कोमट लागलं की बाई कामाला जाणारच नाही. जाऊन दुपारी परत यायचं झालं तर तिकीटही गेलं आणि मेहनतही. म्हणजे ज्या नियमानं बायका येत राहाव्यात म्हणतात, तोच नियम त्यांना घरी बसवतो. नाहीतर तापलेल्या लेकराला गोळी देऊन शाळेत बसवायला लावतो. मी अशा आया बघितल्या आहेत, आणि त्यांना नावं ठेवायची माझी तयारी नाही.

पुढं एका विधी सेवा शिबिरात वकीलबाईंना हे सांगितलं. तिथं सल्ल्याचे पैसे लागत नाहीत. १९८७ च्या कायद्यानं बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. त्या म्हणाल्या, १९३६ च्या वेतन कायद्यात कलम ९ होतं. कामगार जेवढा वेळ गैरहजर असेल, त्याच प्रमाणात पगार कापता येतो, त्याहून जास्त नाही. कारखान्याला तो लागू होता. २०१९ च्या नव्या वेतन संहितेतही तीच तरतूद ठेवलीय. हजेरीच्या ५०० चं मात्र तसं नाही, म्हणाल्या. ते वरचे पैसे, त्यांच्या अटी मालक ठरवतो. मला ऐकून आनंद व्हायला पाहिजे होता. मला रडू आलं. आम्ही इतक्या बायका तिथं बसायचो, आणि हे कुणाला माहीत नव्हतं. मी तक्रार केली नाही, कारण तोवर मिल सोडलेली होती, आणि माझ्या दोन मैत्रिणी तिथंच कामाला होत्या.

मिल सुटल्यावर खुरपणीला गेले. शेतातला रोज कमी, पण शेत जवळ, आणि दहाला लेकरं शाळेत घालून जाता येतं. सोयाबीन काढणीला तर गुत्तं असतं. एकराचा भाव ठरतो, टोळीनं काढायचं आणि पैसे वाटून घ्यायचे. गुत्त्यात तास कुणी मोजत नाही, म्हणून मला वाटलं होतं की लेकराचा फोन आला तर निघणं सोपं. तसं नाही. मिलीत मी उठले तर मालकाचं काम राहायचं. इथं उठले तर माझी पात शेजारच्या बाईला ओढावी लागते. एकदा शाळेतून बोलावणं आलं तेव्हा टोळीतल्या मंगलमावशी म्हणाल्या, "जा गं माय, पात मी नेते." त्यांनी माझी पात नेली, आणि वाटणीत मला पूर्ण हिस्सा दिला. मी घेतला. पण त्यानंतर पुन्हा फोन आला तर काय तोंडानं उठायचं, याची धास्ती मला मुनीमजींपेक्षा जास्त वाटायला लागली. मालकाशी भांडता येतं, मंगलमावशींशी कसं भांडणार?

मग शाळेतच पोषण आहाराच्या मदतनिसाची जागा निघाली. वेळ बघितली तर जणू माझ्यासाठीच. लेकरांसोबत जायचं, तांदूळ निवडायचा, डाळ शिजायला टाकायची, वाढायचं, भांडी घासायची आणि लेकरांच्या आधी मोकळं व्हायचं. सुट्टी त्यांना तीच मला. धाकट्याची छाती भरली तर तो वर्गातून उठून माझ्याजवळच येऊ शकतो. मानधन महिन्याला २,५०० रुपये, तेही वर्षातले दहा महिने. रोजाचे शंभर रुपये पडतात. घरीच राहावं लागलं तर आपल्या जागी दुसरी बाई द्यायची, तिचे पैसे आपल्या खिशातून. म्हणजे इथंही खाडा आहेच. पण तो जेवढ्यास तेवढा आहे. एक दिवस गेला तर एका दिवसाचंच जातं, त्यात महिन्याची हजेरी बुडत नाही.

नवं काम बघणाऱ्या बायकांना मी आता हेच सांगते. पगार किती हे नंतर विचारा. आधी विचारा, दुपारी शाळेतून फोन आला आणि मी गेले, तर माझं काय काय जाईल? चार तासांचं, दिवसाचं की महिन्याचं? उत्तर तोंडी देत असतील तर हजेरीपट बघायला मागा. त्यात अर्ध्या दिवसाची खूण कुठं दिसलीच नाही, तर तिथं अर्धा दिवस नसतोच.

मानधनाच्या या २,५०० नं आणखी एक गोष्ट केली. संजय गांधी निराधार योजनेत विधवा बाईला महिन्याला १,५०० रुपये मिळतात. अर्ज करायला गेले तेव्हा उत्पन्नाची मर्यादा कळली, कुटुंबाला वर्षाला २१,००० रुपये. माझं मानधन दहा महिन्यांचं २५,०००. शंभर रुपये रोजानं लेकरांना खिचडी रांधून वाढणारी बाई कागदावर निराधार ठरत नाही. सरकारच मानधन ठरवतं आणि सरकारच मर्यादा ठरवतं, पण दोन्ही आकडे एकाच कागदावर मांडून कुणी बघितलेले दिसत नाहीत. लेकरांसाठी बाल संगोपन योजना मात्र आहे, एक पालक गेलेल्या प्रत्येक लेकराला महिन्याला २,२५०. त्यासाठी मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शाळेचं बोनाफाईड लागतं, मग घरी येऊन चौकशी होते आणि बालकल्याण समितीचा आदेश निघतो. प्रत्येक कागद कार्यालयाच्या वेळेत, म्हणजे कामाच्या वेळेतच मिळतो. मिलीत असते तर पहिल्याच दाखल्याला ८५० रुपये पडले असते. मदतनीस असल्यामुळं तीननंतर जाऊन हे सगळं करता आलं.

दुपारनंतर शिलाई करते. साधा ब्लाऊज, फॉल-पिको, शाळेच्या गणवेशाची दुरुस्ती. लेकरू आजारी असलं तरी मशीन त्याच्या अंथरुणाशेजारीच चालते. लग्नसराईत रात्री जागावं लागतं, आषाढात हात रिकामा असतो. आणि पावसाळ्यात, जेव्हा धाकटा हमखास आजारी असतो, तेव्हाच कामही नसतं. एका अर्थी ते बरंच आहे, पण पैशाच्या दृष्टीनं ते दिवस फार वाईट.

सगळं धरून मिलीपेक्षा कमी मिळतं. मी मिलीला इतकं बोलले, पण दहा तारखेचे ते एकरकमी ९,६०० आठवतात तेव्हा माझा राग पातळ होतो. किराणा दुकानदाराची उधारी तेव्हा एका दमात फिटायची. मोठी स्वतःचं आणि भावाचं आवरून शाळेत जाऊ शकेल एवढी झाली की मी परत जाईन, असंही मनात येतं. गेल्या महिन्यात मैत्रिणीकडून निरोप पाठवून विचारलं, अकरा ते चार असं पुड्या भरायचं काम देता का, तासावर? निरोप आला की तासावर बाई ठेवायची पद्धत नाही, यायचं तर नऊला यायचं. हजेरीपटात अर्धा दिवस धरायला लागलात का, हेही विचारायला सांगितलं होतं. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.